चढाई चालू असताना निवेदकाने काय लिहावं

कबड्डीवरच्या माहितीपटाचं निवेदन लिहायला बसलं की पहिल्या खर्ड्यात हमखास एक वाक्य येतं: "तो मध्यरेषा ओलांडतो आणि प्रतिस्पर्ध्यांच्या अंगणात शिरतो." पडद्यावर तेच दिसत असतं. प्रेक्षकाला ते एकदा डोळ्यांनी कळतं, मग कानांनी पुन्हा ऐकावं लागतं, आणि दुसऱ्या खेपेला तो नकळत पाहणं थांबवतो. पूर्ण सामन्याचं निवेदन इथे घेत नाही. एकच चढाई घेतो, कारण चढाईला नियमानेच तीस सेकंदांची चौकट आहे आणि लिहिणाऱ्याच्या सगळ्या खोड्या तेवढ्यात उघड्या पडतात.

उदाहरण असं धरू. रायगडचा किनारा, भात कापून झालेल्या शेतात लाल मातीचं मैदान, चार बाजूंना हॅलोजन, रात्रीचा अंतिम सामना. आपला माहितीपट ज्या संघामागे फिरतोय तो २७-२८ असा एका गुणाने मागे आहे आणि सत्तर सेकंद उरलेत. त्यांच्या मागच्या दोन चढाया रिकाम्या गेल्यात, म्हणजे ही तिसरी. समोर फक्त तीन बचावपटू उरलेत. चढाई सव्वीस सेकंद चालते. चढाईपटू आधी डाव्या कोपऱ्याला झुलवतो, मग उजवीकडे वळून पाय टाकतो. उजवा कोपरारक्षक घोटा पकडतो, चढाईपटू त्याला ओढत नेतो आणि बोटं मध्यरेषेला लागतात. २८-२८.

आधी पट्टी मांडा, वाक्यं नंतर

एडिटर कट लॉक करेपर्यंत चढाईच्या आतलं एकही वाक्य पक्कं करू नका. रफ कटवर लिहिलेलं निवेदन पुढे दोन-दोन सेकंदांनी घसरतं, आणि मग एडिटर तुमच्या वाक्यासाठी चित्र लांबवायला लागतो. तिथेच लय मोडते. लॉक झाल्यावर तीच चढाई तीनदा पाहा: एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून नुसती ऐकून, आणि तिसऱ्यांदा दोन्ही चालू ठेवून. मग कागदावर उभी पट्टी काढा. माझी या चढाईची पट्टी अशी होईल:

०० ते १६ सेकंद: चढाई सुरू होण्याआधीचा वेळ. पंचाची खूण, चढाईपटू तळव्यांना माती चोळतो, प्रशिक्षक बाहेरून बोट दाखवतो.
१६ ते २०: मध्यरेषा, दम सुरू.
२० ते २७: डावीकडे हूल.
२७ ते ३२: उजवीकडे वळण, पाय पुढे.
३२ ते ३९: घोटा पकडला जातो, ओढाओढ.
३९ ते ४२: हात रेषेवर, शिट्टी, धूळ.
४२ ते ५०: पंचाचा हात, गर्दी.

पट्टीच्या शेजारी दोन रकाने ठेवा: चित्र काय सांगतंय आणि जागेवरचा आवाज काय सांगतोय. तिसरा रकाना तुमचा, पण तो आत्ता रिकामाच राहू द्या.

कोकणातल्या स्पर्धेत दुसऱ्या रकान्याकडे जरा जास्त लक्ष द्यावं लागतं, कारण मैदानावर एक निवेदक आधीच बोलत असतो. लाऊडस्पीकरवरचा समालोचक. तो गुण सांगतो, खेळाडूचं नाव घेतो, आणि मधेच "या चढाईसाठी अमुक शेठ यांच्याकडून पाचशे रुपयांचं रोख बक्षीस" हेही जाहीर करतो. उघड दिसणारं सगळं सांगायचा मान त्याचा, आणि त्याच्या तोंडी ते शोभतंही. तो "अठ्ठावीस-अठ्ठावीस!" ओरडला की तुम्ही बरोबरी झाल्याचं सांगायची गरज संपली. पाचशे रुपयांची घोषणा तर तुमच्या दोन वाक्यांचं काम करते, कारण या चढाईकडे गावाचं किती लक्ष आहे ते त्यातून आपोआप कळतं.

अडचण एवढीच, की कॅमेऱ्याच्या माइकमध्ये समालोचक, गर्दी आणि वारा एकत्र मिसळून येतात, आणि पुढे एकाला कमी करून दुसऱ्याला वर आणता येत नाही. म्हणून शूटिंगच्या आधीच साउंड रेकॉर्डिस्टला सांगून समालोचकाचा आवाज त्याच्या मिक्सरमधून वेगळा रेकॉर्ड करून घ्या, आणि एक शॉटगन माइक, केसाळ वाराकव्हर घालून, मध्यरेषेच्या टोकाशी दम टिपायला ठेवा. हे लिहिणाऱ्याचं काम नाही असं वाटेल, पण दम स्वच्छ मिळाला नाही तर चढाईच्या आत तुम्हाला शब्द भरावे लागतात, आणि तिथून पुढचं सगळं बिघडतं.

मग उरतं काय?

चित्र आणि जागेवरचा आवाज वजा केला की आपल्या चढाईत चार गोष्टी उरतात ज्या कुणालाच दिसत नाहीत. एक, ही तिसरी चढाई आहे, म्हणजे गुण न घेता परतला तर चढाईपटूच बाद. दोन, समोर तिघंच असल्यामुळे त्यांनी पकड केली तर ती अव्वल पकड ठरेल आणि त्यांना एकाऐवजी दोन गुण मिळतील. तीन, उजव्या कोपऱ्यातला बचावपटू चढाईपटूच्याच वाडीतला आहे. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की दोघं पुळणीवर एकत्र सराव करतात, आता मात्र तो दुसऱ्या मंडळाकडून खेळतोय. चार, घड्याळ. गावच्या सामन्यात ते पडद्यावर कुठेच नसतं.

पहिल्या मुद्द्याची खात्री स्पर्धेच्या पंचांकडून करून घ्या. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून टीव्हीच्या प्रेक्षकाला हा प्रकार "डू ऑर डाय" नावाने पाठ झाला आहे, पण गावोगावच्या स्पर्धांत नियम कधी पूर्ण लावतात, कधी थोडी मोकळीक देतात. नियमाबद्दल चुकलेलं एक वाक्य कबड्डी खेळलेला प्रेक्षक माफ करत नाही. आणि कोकणात तसे प्रेक्षक घराघरात आहेत.

माहिती चढाईच्या आधी पेरा

या लेखातलं खरं काम हे. प्रेक्षकाला जे माहीत असायला हवं ते हालचाल सुरू होण्याआधी द्यायचं, म्हणजे हालचाल चालू असताना तो ते स्वतः वापरतो. "त्याला गुण आणायलाच हवा होता" हे वाक्य पकडीच्या वेळी आलं तर ती सबब वाटते. तेच चढाईच्या आधी आलं तर पुढची सव्वीस सेकंदं प्रेक्षक श्वास धरून बसतो, आणि तुम्हाला काही करावं लागत नाही.

आता हिशेब. माहितीपटाच्या संथ आवाजात मराठी निवेदन सेकंदाला साधारण दोन शब्द जातं. जोडाक्षरं आणि लांब सामासिक शब्द आले की त्याहून कमी. चढाईआधीच्या सोळा सेकंदांत म्हणजे बत्तीस शब्द बसतील, पण बत्तीस लिहायचे नाहीत. माती चोळण्याचा आवाज आणि प्रशिक्षकाची हाक यांना जागा हवी. वीस-बावीसच्या पुढे जाऊ नका.

पहिला प्रयत्न बहुधा असा येतो:

"आता सामना अत्यंत निर्णायक वळणावर आला आहे. संघ एका गुणाने पिछाडीवर आहे आणि मागील दोन चढायांमध्ये एकही गुण मिळवता आलेला नाही. त्यामुळे या तिसऱ्या चढाईत गुण मिळवणे अनिवार्य आहे, अन्यथा चढाईपटू बाद ठरेल."

माहिती बरोबर आहे, तरी वाक्यं पडतात. "निर्णायक वळण" हे प्रेक्षकाने ठरवायचं. "पिछाडीवर आहे" हे समालोचकाने वीस सेकंदांपूर्वीच सांगितलंय. "अनिवार्य" आणि "अन्यथा" ही सरकारी पत्रातली भाषा. वाचायला सतरा-अठरा सेकंद लागतील, म्हणजे शेवटचं वाक्य चढाईच्या आत घुसेल. यातला कामाचा भाग एवढाच:

"मागच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या. ही तिसरी. गुण आणला नाही, तर हाच बाद."

तेरा शब्द, साडेसहा सेकंद. मग तीन सेकंद काही नाही. तळव्यांवर माती, प्रशिक्षकाचं बोट. मग:

"समोर तिघंच उरलेत. त्यांनी धरलं, तर गुण दोन."

दुसरं वाक्य वेगळं ठेवण्यामागे कारण आहे. तीन बचावपटू म्हणजे काम सोपं, असं खेळ न जाणणाऱ्याला वाटतं. ते वाटायला एक क्षण द्यायचा आणि मग किंमत सांगायची. दोन्ही एका वाक्यात कोंबलं तर तो उलटफेर कळतच नाही. "अव्वल पकड" हा शब्द मी मुद्दाम टाळला. कबड्डीवाल्याला तो न सांगता कळतो, इतरांना त्याने काही मिळत नाही.

तिसरी गोष्ट, म्हणजे वाडीतल्या दोस्ताची, इथे घालायचा मोह फार होतो. घालू नका. ती चढाईच्या कितीतरी आधी, पुळणीवरच्या सरावाच्या प्रसंगात यायला हवी, आणि तीही चित्रातून: दोघं ओल्या वाळूत तोच उजवा पाय, तीच पकड घोटतायत. तिथे निवेदनाला फक्त इतकंच सांगायचंय की हे आता एका संघात नाहीत. कटमध्ये असा प्रसंग नसेल तर एडिटरकडे मागा. त्याच्याकडे बहुतेक वेळा काढून टाकलेला तुकडा असतो.

चढाईच्या आत

सोळाव्या सेकंदाला चढाईपटू मध्यरेषा ओलांडतो आणि दम सुरू होतो. "कबड्डी, कबड्डी" ही तुमच्यासमोर आयतीच चालून आलेली लय आहे. ती सलग, एका श्वासात चालली पाहिजे असा नियम असल्यामुळे ऐकणाऱ्याचं लक्ष आपोआप त्या श्वासाला चिकटतं: तो कधी घट्ट होतो, कधी बारीक होतो. त्यावर बोललात तर प्रेक्षकाच्या कानातलं घड्याळच बंद पडतं.

माझं मत सरळ आहे. या सव्वीस सेकंदांत शक्यतो एकही शब्द नको. पण एक शंका राहते: पुळणीवरचा प्रसंग दहा-बारा मिनिटं मागे गेलाय, उजव्या कोपऱ्यातला तोच पोरगा आहे हे लक्षात राहिलं असेल का? हे अंदाजाने ठरवू नका. कबड्डी न पाहणाऱ्या एखाद्याला कट दाखवा आणि चढाई संपल्यावर विचारा, "पाय कुणी धरला?" नुसतं "कोपऱ्यातल्याने" असं उत्तर आलं तर आठवण करून द्यायला हवी. "तो वाळूतला" असं आलं तर तोंड बंद.

आठवण द्यायचीच झाली तर जागा एकच आहे, २० ते २७. त्या वेळी चढाईपटू डावीकडे हूल देतोय आणि प्रेक्षकाची नजरही डावीकडे आहे. तिथे "उजव्या कोपऱ्यात वाडीतला दोस्त" एवढे चार शब्द ठेवले तर नजर उजवीकडे सरकते, म्हणजे घटना जिथे घडणार आहे तिथे, आणि काय घडणार ते मात्र तुम्ही सांगितलेलं नसतं. शब्द चोविसाव्या सेकंदापर्यंत संपले पाहिजेत. वळण सत्ताविसाव्याला आहे, मधले तीन सेकंद दमाचे.

यात क्रियापद नाही, हे लक्षात आलं असेल. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं. "चढाईपटू उजव्या कोपऱ्याकडे झेपावतो" म्हणायला अडीच सेकंद लागतात आणि "झेपावतो" येईपर्यंत झेप संपलेली असते. म्हणून हालचालीच्या जवळ क्रियापद असलेलं पूर्ण वाक्य नेहमी उशिरा पोचतं. शिवाय "ओलांडतो, वळतो, पकडतो" अशी वर्तमानकाळी क्रियापदं ओळीने आली की निवेदन आपोआप समालोचनासारखं वाजायला लागतं. हालचालीच्या आसपास नामं आणि संख्या ठेवा. क्रियापदं जिथे चित्र संथ आहे तिथे.

आणि आघाताच्या क्षणावर वाक्य संपवू नका. इथे आघात म्हणजे घोट्यावर हात बसतो तो, बत्तिसावा सेकंद. शब्द तिथेच संपला तर कान शब्दाकडे जातो आणि पकडीचा "थप्" ऐकू येत नाही. शब्द निदान अर्धा सेकंद आधी थांबावा. पंचवीस फ्रेमच्या टाइमलाइनवर ते बारा-तेरा फ्रेम होतात. एडिटरला असा आकडा दिला की त्याला नेमकं कळतं. "जरा आधी" म्हटलं तर प्रत्येकाचं जरा वेगळं.

संथ गतीतला रिप्ले

सगळ्यात जास्त उघड बोलणं इथे होतं. चित्र हळू झालं की लिहिणाऱ्याला वाटतं आता वेळ आहे, आता सांगू. आणि मग "पहा, किती शिताफीने त्याने पाय सोडवला" असलं काहीतरी येतं.

रिप्लेमध्ये बोलायचं तर चाललेल्या हालचालीचं कारण सांगा, तेही नजरेतून निसटलेल्या हालचालीचं. आपल्या चढाईत ते आहे. उजव्या कोपऱ्याने घोटा धरला तेव्हा मध्यरक्षक झेपावला, पण शेवटच्या क्षणी त्याने हात मागे घेतला. मूळ वेगात हे कुणाला दिसत नाही. रिप्लेमध्ये दिसतं, आणि प्रेक्षकाला वाटतं, घाबरला की काय? इथे एक ओळ खरी कामाची:

"हात लागला असता आणि हा सुटला असता, तर दोघं बाद."

हात मागे घेतल्याचं सांगितलं नाही, का घेतला तेवढं सांगितलं. त्याच वेळी असं लिहू नका की मध्यरक्षकाने विचार करून जोखीम टाळली. तो विचार होता की दमलेपण, हे तुम्हाला ठाऊक नाही. मुलाखतीत त्याने स्वतः तसं सांगितलं असेल तर त्याचाच आवाज वापरा, तुमच्या ओळीपेक्षा तो केव्हाही वजनदार. असं कारण सांगण्याजोगं काहीच नसेल तर रिप्ले मुका ठेवा, किंवा एडिटरला तो काढायला सांगा. निवेदनाविना जो रिप्ले टिकत नाही तो बहुधा नकोच असतो.

निकालानंतर

हात रेषेवर पडला, शिट्टी झाली. धुळीत काही दिसत नाही. चित्र स्वतः अनिश्चित आहे तोवर लिहिणाऱ्याने निश्चित होऊ नये. पंचाचा हात वर जातो, समालोचक गुण ओरडतो, गर्दी उसळते. गर्दीतल्या शिव्या ही साउंड एडिटरची डोकेदुखी. तुम्ही त्यावर निवेदन पांघरून त्याला सोडवायला जाऊ नका. गर्दीचा आवाज पहिल्यांदा उतरेल तिथे, साधारण सत्तेचाळिसाव्या सेकंदाला, तुमची जागा आहे. आणि तिथे जे दिसत नाही तेच पुन्हा हवं, म्हणजे घड्याळ:

"चव्वेचाळीस सेकंद. पुढची चढाई समोरच्यांची. त्यांनी तीस काढली, तर यांना जेमतेम दहा."

आनंद चालू आहे आणि निवेदन त्या आनंदात एक काटा ठेवून पुढच्या चढाईकडे जातंय. बरोबरी झाली, जिद्द दाखवली, गावाचं नाव राखलं, यातलं काही लिहिलं नाही. समोरचे तीस सेकंद का काढतील हेही सांगितलं नाही. पुढच्या चढाईत ते दिसेल. या वाक्यांना सहा-सात सेकंद लागतात, म्हणून ती शॉटच्या कडेपलीकडे जाऊन पुढच्या चढाईआधीच्या थांब्यात उतरतील. तिथे एडिटरने गर्दीचा आवाज थोडा पुढपर्यंत ओढला की जोड दिसत नाही.

बिघडलंय हे कसं ओळखायचं

आधी स्वतःच्याच आवाजात मोबाइलवर कच्चं रेकॉर्डिंग करा आणि कटवर ठेवून पाहा. मग चित्र झाकून नुसतं ऐका. सामना पूर्ण समजला तर तुम्ही रेडिओसाठी लिहिलंय, अर्धं खोडा. आता उलट करा: तुमचा आवाज बंद करून चित्र आणि जागेवरचा आवाज ठेवा. काहीच हरवल्यासारखं वाटलं नाही, तर निवेदन शोभेचं आहे. बरोबर जमलं असेल तर पहिल्या वेळी सामना तुटक वाटतो आणि दुसऱ्या वेळी चढाई छान दिसते, पण तिची किंमत कळत नाही.

दुसरी खूण मिक्सिंगला बसल्यावर कळते. साउंड एडिटरला तुमच्या प्रत्येक ओळीखाली गर्दी दाबावी लागत असेल तर ओळी चुकीच्या जागी आहेत. ओळ बरोबर जागी असेल तर तिथे गर्दी आपणच खाली आलेली असते.

आवाज देणाऱ्या कलाकाराला संहिता देताना टाइमकोड तर द्याच, पण प्रत्येक ओळीच्या आधी आणि नंतर किती सेकंद गप्प राहायचंय तेही लिहा. नाहीतर स्टुडिओत तो सगळ्या ओळी एका दमात वाचतो आणि त्याच जोशात वाचतो. या प्रसंगापुरती एक सूचना वर ठळक लिहून ठेवा: मैदान जितकं तापेल तितका आवाज खाली. चढायचं काम लाऊडस्पीकरवाला करतोय. आणि चार शब्दांची ती आठवण, "उजव्या कोपऱ्यात वाडीतला दोस्त", तिचे दोन टेक घ्यायला सांगा, एक साधा आणि एक अगदी पुटपुटल्यासारखा. कट पाहून एडिटर बहुतेक दुसरा निवडेल, किंवा दोन्ही काढून टाकेल, आणि तेही चालेल.